वाटणीपत्र : दुकान मिळकत व दुकानातील माल

आज सोमवार, दिनांक 7 एप्रिल 2025 रोजी मौजे बार्शी, तालुका बार्शी, जिल्हा सोलापूर येथे हे वाटणीपत्र श्री. अरुण दत्तात्रय कासार, वय 58 (यापुढे 'थोरले') आणि श्री. संजय दत्तात्रय कासार, वय 52 (यापुढे 'धाकटे'), दोघांचाही धंदा व्यापार, यांनी राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवले आहे.

1. आमचे वडील कै. दत्तात्रय गोविंद कासार यांनी स्वकष्टाने घेतलेले, रस्त्याकडील रुंदी 22 फूट व खोली 36 फूट असलेले दोन शटरचे दुकान व त्यातील भांड्यांचा धंदा त्यांच्या पश्चात आम्ही भागीदारीत एकत्र चालवत आलो. आई श्रीमती इंदुमती व बहीण सौ. मीना यांनी दुकान व धंदा यांतील आपला हिस्सा दिनांक 20 मार्च 2025 रोजी नोंदवलेल्या हक्कसोडपत्राने आम्हां दोघांच्या नावे सोडला असून त्या दस्ताची प्रत यासोबत जोडली आहे. भागीदारी दिनांक 31 मार्च 2025 रोजीचे व्यवहार संपताच विसर्जित झाली आहे.

2. दुकानाचा कोपऱ्याकडील पूर्व अर्धा भाग थोरल्यांना व पश्चिम अर्धा भाग धाकट्यांना, प्रत्येकी 11 फूट रुंदीने, मालकी हक्काने मिळाला आहे. मोजमापाचा नकाशा उभयतांच्या सह्यांनिशी जोडला असून मजकुरात व नकाशात फरक दिसल्यास नकाशा खरा धरावा. मधली नऊ इंची भिंत दोघांच्या जागेत निम्मी-निम्मी येईल अशी 31 मेपूर्वी बांधावी व खर्च निम्मा-निम्मा सोसावा. माळ्याचा जिना धाकट्यांच्या भागात येत असल्याने थोरल्यांनी आपला जिना स्वखर्चाने करावा. तोपर्यंत, परंतु 15 जूनपुढे नाही, त्यांना जुन्या जिन्याने ये-जा करता येईल. जुने वीजमीटर धाकट्यांकडे राहील. कोपऱ्याची जागा मोक्याची असल्याने थोरल्यांनी धाकट्यांना 1,50,000 रुपये द्यायचे ठरले आहे.

3. माल दिनांक 31 मार्च रोजी दुकान बंद ठेवून, उभयतांच्या समक्ष, तोलून व मोजून घेतला. तांब्या-पितळेची भांडी 620 किलो, किंमत 5,27,000 रुपये. स्टील 2,150 किलो, किंमत 6,23,500 रुपये. अॅल्युमिनिअम 410 किलो, किंमत 1,64,000 रुपये. कुकर, शेगड्या व इतर नगाचा माल 2,45,500 रुपये. एकूण 15,60,000 रुपये. ही किंमत खरेदी बिलांवरून धरली असून पोचे आलेली व डागी भांडी वेगळी काढून मोडीच्या भावाने लावली आहेत, म्हणून पुढे "माझ्या वाट्याला खराब माल आला" अशी तक्रार कोणी करू नये. तांबे-पितळ व नगाचा माल, म्हणजे 7,72,500 रुपयांचा, थोरल्यांनी आणि स्टील व अॅल्युमिनिअम, म्हणजे 7,87,500 रुपयांचा, धाकट्यांनी घेतला. मालात धाकट्यांकडे जास्त गेलेल्या 15,000 रुपयांपैकी निम्मे, म्हणजे 7,500 रुपये, वरील रकमेतून वजा जाता थोरल्यांनी 1,42,500 रुपये दिनांक 30 सप्टेंबर 2025 पर्यंत बँकेमार्फत द्यावेत.

4. वडिलांचा पितळी तराजू व त्याची मापे मालात धरलेली नाहीत. ती आईच्या हयातीत तिच्याजवळ राहतील व त्यानंतर मीनाकडे जातील. त्यावर आमच्यापैकी कोणी हक्क सांगणार नाही.

5. उधारीच्या वहीत 47 गिऱ्हाइकांकडे 1,12,000 रुपये येणे आहे. मूळ वही थोरल्यांकडे व तिची प्रत धाकट्यांकडे राहील. वसूल ज्याच्या हाती पडेल त्याने त्याच आठवड्यात दुसऱ्याला कळवून निम्मी रक्कम द्यावी. जुन्या उधारीपोटी आलेले पैसे स्वतःच्या नव्या विक्रीत जमा करू नयेत. दिनांक 31 मार्च 2026 नंतर राहिलेली उधारी बुडीत समजावी. लग्नसराईच्या सहा ऑर्डरींचा 36,000 रुपये आगाऊ विसार, ज्याच्याकडे त्या ऑर्डरीचा माल गेला त्याच्याकडे वर्ग केला आहे व ऑर्डर पुरी करण्याची जबाबदारीही त्याचीच आहे.

6. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावरील 4,80,000 रुपये प्रत्येकी 2,40,000 भरून 30 एप्रिलपर्यंत फेडावेत व बेबाकी दाखला घ्यावा. दिनांक 31 मार्चपर्यंतची व्यापाऱ्यांची बिले, तसेच त्या काळाबद्दल पुढे निघणारी जीएसटी किंवा आयकराची मागणी दोघांनी निम्मी-निम्मी भरावी. जुनी जीएसटी नोंदणी रद्द करून घेऊन अखेरचे विवरणपत्र भरावे. नवा धंदा प्रत्येकाने स्वतंत्र नोंदणीवर करावा.

7. 'कासार भांडी भांडार' हे नाव दोघांनाही वापरता येईल, मात्र पाटीवर त्याखाली तेवढ्याच ठळक अक्षरांत स्वतःचे नाव लिहावे. शेजारच्या भावाकडे निघालेल्या गिऱ्हाइकाला स्वतः किंवा नोकरामार्फत अडवू नये.

8. आपला भाग विकायचा झाल्यास प्रथम दुसऱ्या भावाला लेखी कळवावे. त्याने 60 दिवसांत त्याच किमतीला घेण्याचे न कळवल्यास अन्य कोणालाही विकण्यास मोकळीक राहील.

9. वाद उद्भवल्यास प्रथम आमचे मामा श्री. रघुनाथ यांच्यासमोर दोघांनी कागदपत्रांसह बसावे. 30 दिवसांत तोडगा न निघाल्यासच बार्शी येथील न्यायालयात जावे.

हे वाटणीपत्र आमच्या वारसांवरही बंधनकारक असून, योग्य मुद्रांक भरून दुय्यम निबंधक, बार्शी यांच्याकडे नोंदवायचे आहे.

सही : अरुण दत्तात्रय कासार
सही : संजय दत्तात्रय कासार
साक्षीदार : रघुनाथ विष्णू पोतदार
साक्षीदार : मीना सुरेश पोरे