उद्यापासून गुण असे टाकायचे (सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा)

मित्रमैत्रिणींनो,

संयुक्त पूर्वची तयारी करणारे आपण 34 जण या ग्रुपमध्ये आहोत. रोजचा पेपर जवळपास सगळेच डाउनलोड करतात, पण काल रात्री गुण टाकले फक्त 13 जणांनी. सुरुवातीला 30 च्या आसपास मेसेज यायचे. जे गप्प झाले त्यांच्यापैकी काहींशी मी फोनवर बोललो. एक ताई म्हणाली, "पेपर रोज देते दादा, पण यादीत खालून दुसरं नाव बघितलं की त्या दिवशी पुढचा अभ्यासच होत नाही." ती पेपर देतेय, चुकाही तपासतेय. तिला आपल्यापासून तोडतेय ती फक्त रात्रीची यादी. म्हणून उद्यापासून क्रमवारीची यादी बंद. पहिला, दुसरा, टॉप फाइव्ह, काहीच लागणार नाही.

गुण टाकणं मात्र बंद करायचं नाही. एकट्याने पेपर सोडवला की चुका पोटात घालायची सवय लागते, आणि दहा जणांसमोर आकडा लिहायचा असला की माणूस प्रामाणिकपणे तपासतो. फक्त नुसता एकूण आकडा टाकायचा नाही, कारण त्यातून शिकण्यासारखं फार थोडं असतं. आपला पेपर 100 प्रश्न, 100 गुण, एक तास, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. समजा एकाने 84 सोडवले, 48 बरोबर, 36 चूक. त्याचे झाले 39. दुसऱ्याने 62 सोडवले, 46 बरोबर, 16 चूक. त्याचे 42. कमी प्रश्न बरोबर येऊनही दुसरा पुढे आहे. पहिल्याला "अभ्यास वाढव" सांगून उपयोग नाही. त्याने कुठे हात आवरायचा ते बघायला हवं. नुसत्या 39 मध्ये हे दिसतच नाही.

तेव्हा रोजचा मेसेज असा असेल. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या व्यक्तीचा पूर्ण भरून देतोय:

पेपर दिला, पूर्ण वेळ लावून
सोडवले 62, बरोबर 46, चूक 16
खात्रीने: 35 पैकी 33 बरोबर
दोन पर्यायांत अडकून: 19 पैकी 11 बरोबर
तुक्का: 8 पैकी 2 बरोबर
गुण 42, माझी मागच्या पाच पेपरची सरासरी 38.5
आजची चूक: "खालीलपैकी चुकीचे विधान कोणते" हे बरोबर विधान समजून वाचलं, दोन प्रश्न गेले

यासाठी पेपर सोडवतानाच प्रश्नाशेजारी खूण करायची: ख, दो किंवा तु. नंतर आठवून लिहू नका. उत्तर बरोबर आलं की तुक्कासुद्धा खात्रीचा वाटायला लागतो. ही विभागणी का, तेही सांगतो. चार पर्यायांत डोळे मिटून केलेला तुक्का सरासरीने एका गुणाचा सोळावा भाग देतो. म्हणजे असे 16 प्रश्न मारले तर हिशोबाने एक गुण. पण दोन पर्याय नक्की बाद करता आले तर उरलेल्या दोनांतून निवडलेलं प्रत्येक उत्तर सरासरीने 0.375 गुण देतं. वरच्या उदाहरणात "दो"च्या 19 प्रश्नांतून निगेटिव्ह जाऊन 9 गुण आलेत, तुक्क्याच्या आठांतून जेमतेम अर्धा. ज्याचा गुण आज 30 आहे त्याला वाढ बहुतेक याच मधल्या रकान्यात सापडेल. हे मला मनापासून सांगायचंय, कारण 30 वर असलेले बरेच जण आपल्याला काहीच येत नाही असं धरून बसलेत.

तुलना स्वतःच्या सरासरीशी. आणि पेपर रोज सारखा नसतो, म्हणून सोबत ग्रुपचा मधला गुणही बघा. त्यासाठी गुगल फॉर्मची लिंक पिन केली आहे. त्यात फक्त गुण लिहायचा आहे. नाव विचारलेलं नाही, ईमेल गोळा करण्याची सोय बंद ठेवली आहे. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला मी रात्री टाकेन. सर्वांत जास्त किती आणि सर्वांत कमी किती, हे टाकणार नाही. मंगळवारी मधला गुण 44 असेल आणि तुमचे 43. बुधवारी अवघड पेपरला मधला 37 आणि तुमचे 39. आकडा चारने उतरला, पण तुम्ही पुढे सरकलात.

ज्यांना ग्रुपवर मेसेज टाकणं अजून जड जातंय त्यांनी इथे फक्त "पेपर दिला" लिहावं, बाकी तपशील आपल्या तिघांच्या गटात. तिघांचे गट मी आज दुपारपर्यंत कळवतो. त्यात जास्त गुणवाला एक, कमी गुणवाला एक अशी शिकवणीची जोडी लावलेली नाही. ज्यांच्या अभ्यासाच्या वेळा जुळतात ते एकत्र आहेत. कुणी सलग तीन दिवस दिसलं नाही तर गटातल्या एकाने साधा फोन करावा. ग्रुपवर नाव टॅग करून "कुठे गायब?" विचारायचं नाही.

आता चांगले गुण मिळवणाऱ्यांना विनंती. तुमचे गुण लपवू नका, ते बघून इतरांना पेपर किती सुटू शकतो हे कळतं. पण "वाट लागली यार, 68च पडले" असं लिहू नका. तो मेसेज 31 वाला वाचतो आणि स्वतःचा मेसेज टाइप करून पुसून टाकतो. तसंच "आज सोपा होता" हे रात्री 10 च्या आधी लिहायचं नाही. ज्याला तो पेपर अवघड गेला, त्याचं तोंड त्या एका वाक्याने बंद होतं. दुसऱ्याच्या गुणांवर "एवढेच?" किंवा "अजून जोर लाव" अशी प्रतिक्रिया नको, त्याने लिहिलेल्या चुकीवर बोला. आणि इथला कुणाचाही मेसेज स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर जाता कामा नये. हे झालं तर मी त्या व्यक्तीला काढेन, कुणीही असो.

रात्री 9 वाजता सर्वांत जास्त जणांचे चुकलेले पाच प्रश्न घेऊ. समजावणार तो, ज्याचा तो प्रश्न बरोबर आला, मग त्याचा एकूण गुण कितीही असो. परवाच्या पेपरमधला धन विधेयकाचा प्रश्न बहुतेकांचा गेला होता: राज्यसभेने ते 14 दिवसांत परत करायचं असतं आणि तिच्या शिफारशी लोकसभेवर बंधनकारक नसतात. तो ज्या दोघांनी बरोबर सोडवला, त्यांतला एक जुन्या यादीत शेवटच्या पाचांत होता. त्याचं उत्तर ऐकायची संधीच आपल्याला कधी मिळाली नव्हती. उद्या राज्यघटनेची सुरुवात तोच करणार आहे, मी विचारून घेतलंय.

मागच्या वर्षीच्या कट ऑफशी रोज तुलना करू नका. आपले प्रश्न वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेले असतात, काठिण्य जुळत नाही. ती तुलना आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवू तेव्हा करू, त्या दर रविवारी.

उद्याची पीडीएफ सकाळी 6:50 ला येईल. पेपर 7 ते 8. उत्तरतालिका 8:15 ला. गुण आणि फॉर्म रात्री 8 पर्यंत. काही पटत नसेल तर इथेच लिहा, किंवा मला वेगळा मेसेज करा, आठवड्याने बदल करू.