पेपरआधीची काही मिनिटं: वर्गात वाचून दाखवण्यासाठी

वाचणाऱ्या शिक्षकांसाठी आधी थोडंसं

उद्या गणिताचा पेपर ११ वाजता आहे. हा मजकूर तिन्ही वर्गांत १०.२५ ला वाचायला घ्यायचा आहे. एकदा घरी स्वतःशी मोठ्याने वाचून पाहा, म्हणजे कुठे थांबायचं ते आपोआप कळेल. कंसातल्या सूचना वाचायच्या नाहीत. आकडे साधारण सेकंदाला एक या गतीने म्हणा. सूर रोज वर्गात बोलता तसाच ठेवा. अंगाई म्हटल्यासारखा आवाज काढला की मुलं आधी हसतात आणि मग अवघडतात.

‘याने भीती पळून जाईल’, ‘पेपर सोपा जाईल’ असं स्वतःचं काही जोडू नका. आपल्याला ते माहीत नाही, आणि ज्या मुलाची भीती जाणार नाही त्याला वाटेल की यातही आपलंच चुकलं. कुणी डोळे उघडे ठेवले, कुणी खिडकीतून बाहेर बघत बसलं, तर टोकू नका. कुणाला उठून बाहेर जावंसं वाटलं तर कारण न विचारता जाऊ द्या, फक्त एक मोठं माणूस सोबत असू द्या. आणि कुणाच्या छातीत दुखत असेल, धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर ‘परीक्षेची भीती असेल’ असं आपणच ठरवून टाकायचं नाही. त्याच्यासाठी सराव तिथेच थांबवा आणि वैद्यकीय मदत बोलवा.

वाचायचा मजकूर

मुलांनो, पुस्तकं मिटून बाजूला ठेवा. सूत्रांचा कागदही. थोड्या वेळाने तो पुन्हा हातात घेता येईल.

नीट टेकून बसा. पाय जमिनीला टेकू द्या. हात मांडीवर किंवा बाकावर, जिथे बरे वाटतील तिथे ठेवा. डोळे मिटायचे असतील तर मिटा. नको असेल तर समोरच्या बाकाच्या कडेवर नजर ठेवा.

(थोडं थांबा.)

कुणाची छाती धडधडत असेल. कुणाच्या पोटात गोळा आला असेल, कुणाच्या तळहाताला घाम सुटला असेल. कुणाला वाटत असेल की काल रात्रीपर्यंत येत होतं ते सगळं पुसून गेलंय. आणि कुणाला काहीच वाटत नसेल, तेही ठीक आहे.

आपण घाबरलो की शरीर पळायच्या तयारीला लागतं. हृदय जोरात चालतं, तोंडाला कोरड पडते, श्वास वरच्या वर आणि भराभर होतो. समोर प्रश्नपत्रिका आहे की अंगावर येणारा बैल, हा फरक शरीर तेवढ्या घाईत करत नाही. म्हणजे तुमच्यात काही बिघाड झालाय असं नाही. शरीर त्याला ठाऊक असलेलं काम करतंय.

मी तुम्हाला एकदाही ‘खोल श्वास घ्या’ म्हणणार नाही. घाबरलेला माणूस खोल श्वास घ्यायला गेला की बरेचदा जोरजोरात आणि भराभर घेतो. तसं चालू राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांत मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि मग त्याचीच नवी भीती वाटते. आपण उलटं करणार आहोत. घ्यायचा तो श्वास साधा, नेहमीएवढाच. सोडायचा तो जरा सावकाश. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना किंचित मंदावतात, म्हणून सोडण्याला थोडा जास्त वेळ द्यायचा. एवढंच आहे हे. औषध नाही, उपचार नाही, आणि याने काय वाटेल ते प्रत्येकाचं वेगळं असेल.

श्वास कुठेही रोखून धरायचा नाही. गरगरलं किंवा नकोसं वाटलं तर मोजणं सोडून द्या आणि नेहमीसारखा श्वास चालू द्या. दम्याचा किंवा दुसरा कुठला त्रास असेल आणि डॉक्टरांनी काही सांगितलेलं असेल, तर त्यांचं ऐका, माझं नाही. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्त अस्वस्थ वाटतं. तुम्ही त्यांतले असाल तर श्वासाचा विचारच करू नका. जमिनीला टेकलेल्या तळपायांकडे लक्ष ठेवा आणि फक्त माझे आकडे ऐका.

(दोन श्वासांएवढं थांबा.)

आता खांदे. कानांकडे चढले असतील तर खाली येऊ द्या. दात दातांवर दाबलेले असतील तर जबडा सैल सोडा. ओठ मिटलेले राहिले तरी चालतील.

आधी मोजायचं नाही. श्वास जसा चाललाय तसा फक्त बघा. नाकाशी गार लागतोय का? पोट हलतंय की छाती? बरोबर-चूक काही नाही.

(तीन श्वासांएवढं थांबा.)

आता मी मोजते. चार आकडे आत घ्यायला, सहा सोडायला. माझी गती तुम्हाला लांब वाटली तर तुमची छोटी ठेवा, तीन आणि चार केलंत तरी चालेल. माझ्यामागे धावायचं नाही.

श्वास आत घ्या… एक… दोन… तीन… चार.
आणि सोडा… एक… दोन… तीन… चार… पाच… सहा.

आत… एक… दोन… तीन… चार.
सोडा, गरम चहावर फुंकर घालतो तसा हळू… एक… दोन… तीन… चार… पाच… सहा.

आत… एक… दोन… तीन… चार.
बाहेर… एक… दोन… तीन… चार… पाच… सहा.

(हीच गती ठेवून आणखी तीन वेळा. तिसऱ्या वेळेला आकडे न म्हणता फक्त ‘आत’ आणि ‘बाहेर’ म्हणा.)

मध्येच एखादं सूत्र आठवलं असेल. ‘ते प्रमेय आलं तर?’ असा प्रश्न आला असेल. येऊ द्या. त्याचं उत्तर आत्ता शोधायचं नाही, त्याला हाकलायचंही नाही. पुढचा श्वास सोडताना पुन्हा एकपासून मोजायला लागा.

(दोन श्वासांएवढं थांबा.)

आता हेच बोटांवर करू, कारण परीक्षेच्या खोलीत मी मोजायला नसेन. ज्या हातात पेन नसतं तो हात घ्या. अंगठा तर्जनीच्या सगळ्यात खालच्या पेरावर ठेवा. तर्जनी म्हणजे अंगठ्याशेजारचं बोट. एका पेराला एक श्वास. घेतला, सोडला, की अंगठा वरच्या पेरावर सरकवायचा. एका बोटाची तीन पेरं झाली की मधल्या बोटावर या. तिथली तीन. झाले सहा श्वास. चार आणि सहाच्या गतीने एक श्वास दहा सेकंदांचा होतो, म्हणजे दोन बोटं झाली की साधारण एक मिनिट. घड्याळाकडे बघावं लागत नाही आणि शेजारच्याला पत्ताही लागत नाही.

करून पाहा. मी बोलणार नाही.

(एक मिनिट पूर्ण शांत. घड्याळ लावा. हे मिनिट वाचणाऱ्याला फार मोठं वाटतं, तरी मध्ये बोलू नका. तुम्हीही पेरं मोजा.)

कुणाचं मोजणं मध्येच सुटलं असेल. कुणाची दोनऐवजी तीन बोटं झाली असतील. काही बिघडलं नाही.

आता हे पेपरमध्ये कधी वापरायचं ते सांगते. एकदा प्रश्नपत्रिका हातात आल्यावर, वाचायला सुरुवात करण्याआधी. तेव्हा पूर्ण मिनिट द्यायची गरज नाही, एका बोटाची तीन पेरं पुरे. आणि एकदा, एखादं गणित अडलं, हात थांबला आणि डोकं ‘आता सगळंच गेलं’ म्हणायला लागलं, तेव्हा. पेन खाली ठेवा. डोळे उघडेच ठेवा. तीन पेरं. मग ते गणित पुन्हा एकदा वाचा, आणि तरीही सुचलं नाही तर त्याच्यासमोर खूण करून पुढच्या गणिताकडे जा. श्वासाने अडलेलं गणित सुटत नाही. त्याच्यापाशी पंधरा मिनिटं गोठून बसायच्या ऐवजी पुढे सरकायला थोडी उसंत मिळू शकते, मला एवढंच म्हणायचंय.

तेव्हा हात थरथरत असेल तर थरथरत्या हातानेही लिहिता येतं. भीती पूर्ण जायची वाट बघत बसू नका.

आणखी एक बोलायचंय, आणि हे आजच्या पेपरबद्दल नाही. बरेच दिवस नीट झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, शाळेत यायच्या विचारानेच जीव घाबरा होत असेल, तर त्यावर हे सहा श्वास पुरेसे नाहीत. ते एकट्याने ओढायचं नसतं. घरात कुणाशी बोला, माझ्याशी बोला, आपल्या समुपदेशक मॅडमशी बोला. गरज असेल तर आपण मिळून डॉक्टरांकडे जाऊ. आणि जगूच नये, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल तर पेपर संपायचीही वाट पाहू नका. आत्ता मला खूण करा. आपण बाहेर जाऊन बोलू. पेपरचं काय करायचं ते मी बघेन.

(हे वाचताना कुणा एकाकडे रोखून बघू नका. वाचून झाल्यावर पाच सेकंद मान वर ठेवून सगळ्यांकडे बघा, म्हणजे खूण करणाऱ्याला ती करता येईल.)

आता हळूहळू परत येऊ. पायाची बोटं हलवा. हाताच्या मुठी मिटा आणि उघडा. डोळे मिटले असतील तर उघडा, आणि खोलीतल्या तीन वस्तू मनातल्या मनात नाव घेऊन बघा. फळा, पंखा, दार, काहीही.

धडधड अजून असेल. थोडी कमी असेल किंवा तेवढीच असेल. तिला बरोबर घेऊन उठा.

साडेदहा होऊन गेलेत. पाणी प्या, थोडंच. ज्यांना स्वच्छतागृहात जायचंय त्यांनी आत्ता जाऊन या. पेन दोन, पेन्सिल, पट्टी, कंपास, आणि प्रवेशपत्र दप्तरात न राहता हातात. सूत्रांचा कागद बघायचा असेल तर बघा, पण एकमेकांना ‘तुझं हे झालं का’ विचारू नका. पावणेअकराला दाराशी रांग करू.

(मुलं उठल्यावर लगेच दुसरी सूचना देऊ नका. जे मूल बसूनच राहील, त्याच्याजवळ जाऊन बसा.)