विषय: दिंडोरीचे प्लॉट आणि पॅकहाउसची कागदपत्रे – कामाच्या बदलाबद्दल माझे म्हणणे

नमस्कार सर,

काल संध्याकाळी ग्रुपवर तुमचा मेसेज वाचला. सोमवारपासून मी पिंपळगावच्या पॅकहाउसला बसून ऑडिटच्या फाइली पूर्ण करायच्या आणि दिंडोरीचे द्राक्षांचे सगळे प्लॉट नवीन फील्ड ऑफिसरकडे द्यायचे, असे त्यात आहे. लगेच उत्तर दिले नाही, कारण रात्रभर विचार करून आणि प्लॉटची यादी पुन्हा समोर ठेवूनच लिहायचे होते. या बदलाशी मी सहमत नाही. कारणे सांगते, आणि त्याऐवजी काय करता येईल तेही खाली मांडते.

तुमची अडचण मला कळते. १२ फेब्रुवारीला खरेदीदाराची माणसे येणार आहेत, ट्रेसेबिलिटीच्या फाइली अर्ध्यावर आहेत, आणि मागच्या हंगामात ते काम मी केले होते म्हणून तुम्हाला माझे नाव सुचले. ऑडिट हातचे गेले तर पुढचे सगळेच अडते. त्यामुळे हे काम माझे नाही, असे मी म्हणत नाही. माझा आक्षेप वेळेला आहे.

आपल्याकडे दिंडोरीत ३८ बागायतदारांचे ६१ प्लॉट ग्रेपनेटवर नोंदलेले आहेत. ३४ प्लॉटचे रेसिड्यू रिपोर्ट स्वच्छ आले. उरलेल्या २७ प्लॉटचे नमुने १८ फेब्रुवारीपर्यंत घ्यायचे आहेत. लॅबची माणसे येऊन नमुना काढतात, ते काम कोणाच्याही उपस्थितीत होईल. पण नमुना कोणत्या दिवशी काढायचा हे ठरवण्यासाठी त्या बागेत शेवटची फवारणी कधी झाली, कशाची झाली आणि पीएचआय खरोखर पूर्ण झाला का, हे माहीत असावे लागते. वहीत बहुतेक वेळा ते असते. नेहमीच नसते.

एक उदाहरण देते. या महिन्याच्या सुरुवातीला दोन दिवस आभाळ आले, तेव्हा मोहाडीच्या एका काकांनी रात्री साडेदहाला फोन केला: "मॅडम, भुरी दिसतीय, दुकानदारानं टॉनिक दिलंय, मारू का?" मी बाटलीचा फोटो मागवला. लेबलवर घटकांचे नावच नव्हते. असल्या टॉनिकमध्ये काय मिसळलेले असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. ती बाटली त्यांनी परत केली आणि सकाळी मी बागेत जाऊन पुढचे ठरवले. ते मारले असते तर वहीत "टॉनिक" एवढेच आले असते, आणि आपल्याला कळले असते ते थेट लॅबच्या रिपोर्टमध्ये. मग अलर्ट, प्लॉट युरोपसाठी बंद, आणि काकांचा माल पडेल त्या भावाने देशी बाजारात. २०१० साली क्लोरमेक्वाटमुळे आपल्या द्राक्षांचे युरोपात काय झाले, ते जिल्ह्यातला एकही जुना बागायतदार विसरलेला नाही. फवारणीच्या प्रश्नाला ही माणसे इतकी जपतात ते त्यामुळेच. आणि तरीही, ढग आले की बाग वाचवायला हात पंपाकडेच जातो. त्या क्षणी ते ओळखीच्या माणसालाच फोन करतात.

ऑक्टोबर छाटणीपासून मी या बागांमध्ये आहे. २७ पैकी नऊ प्लॉटबद्दल मला आजही खात्री वाटत नाही. कुठे शेजारच्या टोमॅटोवरची फवारणी वाऱ्याने आत येते, कुठे फवारणी सालगडी करतो आणि वही मुलगा लिहितो. नवीन सहकारी मेहनती आहे, शिकण्याची तयारीही आहे. पण तो डिसेंबरअखेरीस आला. हे नऊ प्लॉट आत्ता त्याच्या अंगावर टाकणे त्याच्यावरही अन्याय होईल. रिपोर्ट फेल गेला तर नाव त्याचे खराब होईल, आणि चूक त्याची नसेल.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे.

ज्या ३४ प्लॉटचे रिपोर्ट आले आहेत, ते सोमवारपासून पूर्णपणे त्याच्याकडे द्यावेत. तिथे आता ब्रिक्स बघणे, मण्यांचा आकार मोजणे, तोडणीच्या टोळ्या आणि गाड्या लावणे एवढेच काम आहे. त्यात तो लवकर तयार होईल. २७ प्लॉट १८ फेब्रुवारीपर्यंत माझ्याकडे राहावेत. आठवड्यातून दोनदा मी त्याला सोबत नेईन, म्हणजे पुढच्या हंगामात हे काम खरोखर हस्तांतरित करता येईल.

फाइलींसाठी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी दुपारी तीननंतर मी पॅकहाउसला येईन आणि काम संपेपर्यंत थांबेन. शेतकऱ्यांकडचे कागद, म्हणजे फवारणीच्या नोंदी, पाणी-मातीचे अहवाल आणि औषधांची बिले, हे मीच लावते. नाहीतरी ते माझ्याच गाडीच्या डिकीत आहेत. कोल्ड स्टोअरेजच्या तापमानाच्या नोंदी, हात धुण्याचे आणि सफाईचे रजिस्टर आणि कामगारांचे प्रशिक्षण हे सगळे सुपरवायझर ताईंकडे द्यावे अशी विनंती आहे. नऊ वर्षे त्या तो मजला सांभाळत आहेत. मागच्या ऑडिटला तपासनिसांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्यांनीच दिली होती, पण फाइलवर नाव माझे होते. मागच्या वर्षीची तपासणी यादी मी आज रात्री त्यांना आणि तुम्हाला पाठवते. ८ तारखेला, रविवारी, आपण तिघे बसून पूर्ण फाइल एकदा चाळू. काही राहिले तर हातात तीन दिवस असतील.

यात एक कच्चा दुवा आहे, तोही सांगते. पुन्हा पाऊस आला तर त्या दोन-तीन दिवसांत मी पॅकहाउसला पोहोचू शकणार नाही. त्यासाठी हिशेब विभागातला एक माणूस फाइलींना अर्धा दिवस मिळाला तर बरे होईल. हे तुमच्याच हातात आहे.

हे सगळे ऐकूनही तुमचा निर्णय तोच राहिला तर मी पॅकहाउसला जाईन आणि ते काम मनापासून करीन. फक्त त्याआधी पाच दिवस द्या. त्या नऊ प्लॉटवर मी नवीन सहकाऱ्याला स्वतः नेईन, प्रत्येक बागायतदाराशी समोरासमोर ओळख करून देईन, आणि रात्रीचे फोन यापुढे कोणाला करायचे ते माझ्या तोंडून सांगेन. ग्रुपवरच्या मेसेजने ते होणार नाही.

अजून एक. असा बदल करताना आधी एक फोन आला असता तर ही माहिती मी तेव्हाच दिली असती. पुढच्या वेळी तसे झाले तर मला आवडेल.

लॅबला पुढच्या आठवड्याचे वेळापत्रक शुक्रवारी सकाळी द्यायचे आहे, म्हणून गुरुवार संध्याकाळपर्यंत तुमचा निर्णय कळला तर सोयीचे होईल. उद्या दुपारी दोनपर्यंत मी जानोरीला आहे, तिथे रेंज नसते. त्यानंतर कधीही फोन करा, किंवा सांगाल तर चारला ऑफिसला येते. २७ प्लॉटची यादी, शेवटच्या फवारणीच्या तारखांसह, सोबत जोडली आहे. खात्री नसलेले नऊ पिवळ्या रंगात आहेत.

आपली,
वैशाली
फील्ड ऑफिसर, दिंडोरी विभाग