दख्खनचा बेसाल्ट: वहीतल्या टिपणांवरून प्रश्नोत्तरं

एस.वाय., भूशास्त्र, युनिट २. सोमवारच्या इंटर्नलसाठी. 'टीप' म्हणजे लेक्चरला वहीत उतरलेलं तसंच, त्याखाली त्या एकाच टिपेवरचा एक प्रश्न. उत्तर हाताने झाकून आधी तोंडाने म्हणा. जी टीप नुसती व्याख्या होती तिच्यावर 'म्हणजे काय' विचारलेलं नाही. ते सगळ्यांना येतं आणि पेपरात 'का' येतं.

टीप १: ट्रॅप – स्वीडिश शब्द, जिना.
प्र. सह्याद्रीच्या डोंगरांना जिन्याचा आकार कशामुळे आला?
उ. लाव्हाचे प्रवाह एकावर एक आडवे साचले. प्रत्येक प्रवाहाचा घट्ट भाग झिजायला चिवट, म्हणून तिथे उभा कडा राहतो. वरचा सच्छिद्र भाग लवकर झिजतो, तिथे उतार किंवा सपाटी होते. किल्ल्यावर कडा, मग माची, मग पुन्हा कडा लागतो तो याच कारणाने.

टीप २: फिशर इरप्शन. सिलिका कमी!!
प्र. एवढा लाव्हा ओतला गेला, तरी शंकूसारखा उंच ज्वालामुखी का उभा राहिला नाही?
उ. लाव्हा एका तोंडातून नाही, लांबच लांब भेगांतून आला. सिलिका कमी म्हणून तो पातळ होता. ढीग न होता दूरवर पसरला. (दोन्ही कारणं लिहा. मॅडमनी 'सिलिका'खाली दोन रेघा ओढल्या होत्या.)

टीप ३: ६.६ कोटी वर्षं. आज सु. ५ लाख चौ. किमी. पश्चिमेला जाड, पूर्वेकडे पातळ.
प्र. ट्रॅपचं वय, आजचा विस्तार आणि जाडीतला फरक सांगा.
उ. सुमारे ६.६ कोटी वर्षं; सुमारे ५ लाख चौरस किमी; पश्चिम घाटात सर्वांत जाड, नागपूरच्या बाजूला पातळ. पाठांतराचा प्रश्न, पुढे चला.

टीप ४: रेड बोल, दोन फ्लोंच्या मध्ये. 'घड्याळ'.
प्र. तांबड्या मातीच्या थराला मॅडम 'घड्याळ' का म्हणाल्या?
उ. इथे मी दोनदा चुकले, म्हणून सविस्तर. एक प्रवाह थंड झाला आणि उघडा पडून राहिला. ऊनपावसाने त्याचा माथा कुजला, त्यातल्या लोहाचं ऑक्सिडीकरण होऊन तो लाल झाला. त्यावर पुढचा प्रवाह आला आणि तो थर भाजला गेला. म्हणजे तांबडा पट्टा दिसला की दोन उद्रेकांमध्ये खंड पडला होता हे कळतं. किती वर्षांचा, ते नुसत्या जाडीवरून ठरवू नका. घाटातल्या रस्त्याच्या कापात विटकरी पट्टी दिसते ती हीच.

टीप ५: मांजऱ्या = अमिग्डलॉइडल. विहीर.
प्र. काळ्या पाषाणापेक्षा मांजऱ्याला पाणी लागायची शक्यता जास्त का?
उ. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी फक्त फटींत मावतं. मांजऱ्या मऊ, लवकर कुजतो, आणि कुजलेल्या थरात पाणी साठतं. *सापळा:* 'भोकं असतात म्हणून' एवढंच लिहिलंत तर मार्क जातील. ती भोकं खनिजांनी भरलेली असतात आणि एकमेकांना जोडलेलीही नसतात.

टीप ६: कॅव्हन्साइट – वाघोली – झिओलाइट ✗
प्र. पोकळ्यांत झिओलाइटच्या सोबतीने सापडूनही कॅव्हन्साइट झिओलाइट का नाही?
उ. झिओलाइटच्या सांगाड्यात सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम असतं. कॅव्हन्साइटमध्ये ते नाही. नावातच उत्तर आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकेट. ॲपोफिलाइटही याच कारणाने बाहेर. प्रॅक्टिकलच्या ट्रेमधला गडद निळा फुलासारखा झुपका तो कॅव्हन्साइट. चिमटीत धरू नका, सुया तुटतात.

टीप ७: गिल्बर्ट हिल, अंधेरी. कॉलम्स.
प्र. हे खांब कोणी न कोरता कसे झाले?
उ. लाव्हा थंड होताना आकसला, तडे गेले. तडे थंड होणाऱ्या पृष्ठाला काटकोनात आत वाढले, म्हणून बहुकोनी खांब. आकृती काढा, षटकोन जमला नाही तरी चालेल, सगळे खांब सहा बाजूंचे नसतातच.

टीप ८: लोणार. बेसाल्टमध्ये, पण बेसाल्टमुळे नाही.
प्र. आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचाच खडक असताना लोणारचं विवर ज्वालामुखीचं नाही, हे कशावरून?
उ. तिथल्या फेल्डस्पारचं काचेत रूपांतर झालेलं सापडतं, त्याला मॅस्केलिनाइट म्हणतात. हे वितळून नाही, प्रचंड आघाताच्या दाबाने होतं. उद्रेकात तेवढा दाब नसतो. सुमारे १.८ किमी व्यासाचं हे विवर उल्काघाताचं आहे, आणि आघात झाला तेव्हा बेसाल्ट केव्हाच थंड झाला होता. वहीत माझ्याच अक्षरात 'ज्वालामुखीय सरोवर' लिहिलंय. ज्यांनी माझी वही झेरॉक्स केली, त्यांनी ती ओळ खोडा.