सूचना: टँकरचा वाढलेला दर आणि एप्रिलपासूनची फ्लॅटवार पाणी आकारणी

दिनांक २८ मार्च २०२६
कळंबा रिंगरोड, कोल्हापूर

ए व बी विंगमधील सर्व सभासद आणि भाडेकरू यांस,

आधी आकडा सांगतो, कारण जिन्यात गेले आठ दिवस त्याचीच चर्चा आहे. १ एप्रिलपासून टँकरच्या पाण्यासाठी टू बीएचके फ्लॅटला महिना १,५०० रुपये आणि वन बीएचके फ्लॅटला १,००० रुपये आकारले जातील. आतापर्यंत मेंटेनन्समध्येच टँकरपोटी अनुक्रमे ३०० आणि २०० रुपये धरलेले होते. ते एप्रिलच्या बिलातून वगळले आहेत. त्यामुळे खरी वाढ १,२०० आणि ८०० रुपयांची आहे. ती थोडी नाही, हे समितीलाही कळते. समितीतल्या सातही जणांना हेच पैसे भरायचे आहेत.

टँकर १६ मार्चपासून महागला. दहा हजार लिटरच्या खेपेला आपण १,१०० रुपये देत होतो, आता १,५०० देतो. टँकरवाल्यांनी आधी १,६०० मागितले होते. दर आठवड्याला रोख हिशेब चुकता करायचा, या अटीवर ते १,५०० वर आले. दर का वाढवला हे त्यांना समोर बसवून विचारले. जवळच्या ज्या विहिरीवरून ते भरत होते, तिचे पाणी खाली गेले. आता नऊ किलोमीटरवरच्या दुसऱ्या विहिरीवर जावे लागते, आणि तिथला मालक एका खेपेला २५० ऐवजी ४५० रुपये घेतो. म्हणजे वाढीतले २०० विहिरीचे. बाकीचे २०० डिझेलचे आणि वेळेचे: पूर्वी दिवसाला सहा-सात खेपा व्हायच्या, आता चारच होतात.

एवढ्यावर विश्वास ठेवून आम्ही गप्प बसलो नाही. आणखी तिघांकडे चौकशी केली. एकाने १,४०० सांगितले आणि स्वस्त वाटले, पण त्यांचा टँकर आठ हजार लिटरचा. म्हणजे हजार लिटरला १७५ रुपये. आपल्याला १५० पडतात. दुसरे १,४५० ला तयार होते, पण रात्री अकरानंतरच येणार. तळमजल्यावरच्या घरांना मोटारीचा आणि पाइपचा तो आवाज रोज सोसणार नाही. तिसऱ्यांनी नवीन गिऱ्हाईक घेणे बंद केले आहे.

काही सभासदांनी विचारले की, काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचे पाणी शहरात आले, तरी आपल्याला टँकर का? प्रश्न बरोबर आहे. पण आपली नळजोडणी फक्त ए विंग होती तेव्हाची, बारा फ्लॅटच्या हिशेबाने घेतलेली. आज फ्लॅट ३६ आहेत. त्यात आपला प्लॉट चढावर, म्हणून पाणी आले तरी जोर कमी. हे दुखणे आपलेच आहे. बी विंग झाली तेव्हाच जोडणी वाढवायला हवी होती. मोठ्या जोडणीचा अर्ज फेब्रुवारीत दिला आहे. इतके दिवस बोअरवर निभावले. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून बोअरची मोटार हवा ओढू लागली आणि सगळा भार टँकरवर आला.

खर्च कसा चढला ते पाहा. जानेवारीत ६ टँकर, ६,६०० रुपये. फेब्रुवारीत १४, म्हणजे १५,४००. मार्चमध्ये आजची आणि ठरलेल्या खेपा धरून २६. त्यातले १२ जुन्या दराने, १४ नव्या दराने, एकूण ३४,२०० रुपये. तीन महिन्यांचा खर्च ५६,२०० झाला आणि आपण गोळा केले २८,८००. तूट २७,४०० रुपयांची. ती मागच्या वर्षीच्या शिलकीतून भरली आहे, तुमच्याकडून मागणार नाही. मात्र दर महिन्याला असे करता येणार नाही. पावसाळ्यापूर्वी गच्चीचे वॉटरप्रूफिंग याच पैशातून करायचे आहे.

एप्रिल आणि मे महिन्यांत दरमहा ३२ टँकर लागतील असा अंदाज आहे, म्हणजे ४८,००० रुपये. उपविधीप्रमाणे पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर वाटायची असते. टँकरलाही तेच माप लावले. आपल्याकडे टू बीएचकेला नऊ नळ आहेत, वन बीएचकेला सहा. चोवीस फ्लॅटचे १,५०० प्रमाणे ३६,००० आणि बारा फ्लॅटचे १,००० प्रमाणे १२,०००. माणसी आकारणी करा, अशी सूचना २२ मार्चच्या सभेत आली होती. ऐकायला ती न्यायाची वाटते, पण कोणाकडे किती माणसे राहतात हे दर महिन्याला दारोदार मोजत फिरायला कोणीही तयार झाले नाही.

बंद असलेल्या दोन फ्लॅटच्या मालकांचा आक्षेप आहे की, आम्ही पाणीच वापरत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. तरी सध्या त्यांनाही पूर्ण आकारणी लागेल, कारण एकाला सवलत दिली की सुट्टीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाला द्यावी लागेल. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय घेऊ.

टँकर भरून येतो की नाही, यावरही शंका निघाल्या. त्यासाठी सोपा उपाय केला आहे. आपली खालची टाकी चार मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद. म्हणून दहा हजार लिटर ओतले की पाणी बरोबर एक मीटर चढले पाहिजे. वॉचमनमामा आता खेपेआधी आणि खेपेनंतर पट्टी बुडवून वहीत आकडा लिहितात. एका खेपेला ८५ सेंटीमीटरच चढले, म्हणजे पाणी दीड हजार लिटर कमी. त्या खेपेचे पैसे तेवढ्या प्रमाणात कापले. टँकरवाले थोडे चिडले, पण तेव्हापासून माप चुकलेले नाही. वही केबिनमध्ये आहे, कोणीही बघावी. टँकर आला की दोन मिनिटे खाली उतरून पट्टीवर नजर टाकलीत तर उत्तमच.

एक टँकर म्हणजे फ्लॅटमागे जेमतेम पावणेतीनशे लिटर. म्हणून पाऊस सुरू होईपर्यंत पार्किंगमध्ये पाइप लावून गाड्या धुणे बंद. बादली आणि फडके चालेल. गळके फ्लश आणि नळ दुरुस्त करायला रविवारी ५ एप्रिलला सकाळी दहाला प्लंबर येणार आहेत. वॉशरचा खर्च सोसायटी करेल. ज्यांच्याकडे गळती आहे त्यांनी आधी केबिनच्या वहीत फ्लॅट नंबर लिहावा. बी विंगच्या गच्चीवरची टाकी दोनदा भरून वाहिली, तिचा फ्लोट वाल्व्ह बदलला आहे.

टँकरचे पाणी विहिरीचे आहे. ते फक्त वापरायचे. पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी स्वयंपाकघरातला नळाचा वेगळा कॉकच उघडावा. मोटार सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ६ ते ७.३० चालेल. पाडव्याच्या सकाळी तिसऱ्या मजल्यावर आंघोळीला पाणी नव्हते, त्याबद्दल समिती दिलगीर आहे. आदल्या रात्रीची खेप आली नाही आणि ते आमच्या वेळेत लक्षात आले नाही. आता खालची टाकी अर्ध्यावर आली की वॉचमनमामांनी लगेच फोन करायचा, असे ठरले आहे.

एप्रिलची रक्कम मेंटेनन्सबरोबर १० एप्रिलपर्यंत भरावी. भाडेकरूंच्या बाबतीत कोणी भरायचे ते मालकांनी आपसात ठरवावे. बिल मालकांच्या नावानेच निघेल. जूनची आकारणी पाऊस पाहून १० जूनला ठरेल. टँकर कमी लागले तर उरलेली रक्कम जुलैच्या बिलात वळती करू.

जोतिबाच्या यात्रेमुळे पुढच्या आठवड्यात बऱ्याच घरी पाहुणे असतील. बुधवारी आणि गुरुवारी एकेक जादा खेप सांगून ठेवली आहे. ज्यांच्याकडे दहाच्या वर माणसे येणार आहेत, त्यांनी सोमवार संध्याकाळपर्यंत कळवावे. मी रोज ७ ते ८ ऑफिसात असतो.

सचिव
व्यवस्थापन समितीच्या वतीने