गेस्ट हाऊसच्या सॉफ्टवेअरच्या पणजीतल्या डेमोनंतर पाठवायच्या तीन मेल

समीर, ३८ स्लाइडपैकी मेलमध्ये सातच घेतल्यात. कंपनीची ओळख, टीमचे फोटो आणि ‘आमचं व्हिजन’ काढून टाकलं. लोकांनी ते एकदा ऐकून घेतलंय, तेवढं पुरे. ज्या स्लाइडवर हात वर झाले त्याच ठेवल्या. नाव देऊन न आलेल्यांना यातलं काही पाठवू नकोस. आणि कुणाचं उत्तर आलं की त्याची पुढची मेल थांबव, मी स्वतः फोन करेन.

पहिली मेल: शुक्रवारी सकाळी, आलेल्या सर्वांना
विषय: काल अर्धवट राहिलेला बिलाचा प्रश्न

सप्रेम नमस्कार,

काल एवढ्या पावसात पणजीला आलात, आभार. बिलाच्या स्क्रीनवर चहा येईपर्यंत चर्चा रंगली होती, म्हणून तिथूनच सुरू करते.

मांद्र्याहून आलेल्या एका गेस्ट हाऊसवाल्यांनी विचारलं होतं: खोली २,८०० रुपयांची, पाहुणा तीन रात्री राहिला, बिल झालं ८,४००. साडेसात हजारांच्या वर गेलं, मग १८ टक्के लावायचे का? नाही. साडेसात हजारांची मर्यादा एका खोलीच्या एका रात्रीच्या भाड्याला आहे, एकूण बिलाला नाही. बिल असं निघेल:

भाडं २,८०० × ३ = ८,४००
केंद्राचा जीएसटी २.५% = २१०
राज्याचा जीएसटी २.५% = २१०
एकूण = ८,८२० रुपये

हा ५ टक्क्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचा. त्याआधी १२ टक्के होता. तुमच्या एक्सेलमध्ये जुना फॉर्म्युला राहिला असेल तर आमचं सॉफ्टवेअर घ्या न घ्या, तो मात्र आजच बदला.

स्लाइडवर अगदी बारीक अक्षरात होतं तेही सांगते. या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट नाही. एसी घेतला, गाद्या बदलल्या, तर त्यांवर भरलेला जीएसटी वजा करता येत नाही. आणि नाताळात तीच खोली ८,००० ला दिलीत तर त्या रात्रीला १८ टक्के, म्हणजे १,४४० रुपये. आमचा स्क्रीन प्रत्येक रात्रीचा दर वेगळा धरतो, त्यामुळे ऐन सीझनच्या गडबडीत काउंटरवर हिशोब करत बसावं लागत नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्यांनी सेटिंगमध्ये कर बंद ठेवायचा, बाकी सगळं तसंच चालतं.

बिलाच्या स्क्रीनचा फोटो सोबत जोडलाय. तुमच्या सीएंना दाखवा.

आपली,
नीलम (काल माईकवर होते ती)

दुसरी मेल: मंगळवारी, उत्तर न आलेल्यांना
विषय: वीज गेली तर नोंद कशी करायची?

सप्रेम नमस्कार,

डेमो संपल्यावर जिन्यात तिघाचौघांनी हेच विचारलं, आणि डेकमध्ये त्याची स्लाइडच नव्हती.

वीज आणि नेट दोन्ही गेलं तरी मोबाइलवर पाहुण्याची नोंद होते, आधारचा फोटो निघतो, बिलही बनतं. नेट आलं की सगळं आपोआप वर चढतं. मात्र तेवढ्या वेळात बुकिंग साइटवर तुमची खोली रिकामीच दिसत राहते. तीच खोली दुसऱ्या कुणी घेतली तर आम्ही ते अडवू शकत नाही. पावसात रात्रभर लाइट नसते त्या भागात एक खोली साइटवरून काढून हाताशी ठेवा, असं मी सगळ्यांनाच सांगते.

परदेशी पाहुण्यांचंही थोडं. पाहुणा आल्यापासून २४ तासांत एफआरआरओच्या पोर्टलवर माहिती द्यावी लागते. ती आम्ही परस्पर भरत नाही, तुमच्याच लॉगिनने तुम्हीच भरायची. फरक इतकाच की पासपोर्ट नंबर, व्हिसाची तारीख, कुठून आला, पुढे कुठे जाणार हे सगळं पोर्टलच्याच क्रमाने एका पानावर तयार मिळतं. रजिस्टर उघडून पासपोर्टच्या झेरॉक्सवर डोळे ताणायला नकोत.

आपली,
नीलम

तिसरी मेल: पुढच्या सोमवारी, तरीही उत्तर नसेल त्यांना
विषय: सहा खोल्या, महिना ९०० रुपये

सप्रेम नमस्कार,

दर शेवटच्या स्लाइडवर होता, तोवर निम्मे लोक जेवायला उठले होते. सहा खोल्यांपर्यंत महिना ९०० रुपये, त्यापुढे खोलीमागे १२०. वर्षाचे पैसे आधी मागत नाही. बंद करायचं ठरवलं तर तुमची सगळी नोंद एक्सेलमध्ये काढून देतो.

जुनं रजिस्टर आत चढवायला आणि काउंटरवरच्या मुलाला शिकवायला आमचा माणूस एक दिवस तुमच्याकडे येईल. पेडणे, बार्देश, फोंडा, सासष्टी, कुठेही. पाहुणे कमी आहेत तोवर, चवथीआधी हे उरकलं तर बरं, कारण ऑक्टोबरपासून तुम्हालाच श्वास घ्यायला फुरसत नसते.

यायला हवं असेल तर फक्त वार लिहून पाठवा. नको असेल तर ‘नको’ लिहा, पुन्हा मेल करणार नाही.

आपली,
नीलम