99 टक्के व्हॅर: हा आकडा कशाची हमी देत नाही

अंतर्गत टिपण
प्रति: जुलै 2024 च्या तुकडीतील सर्व प्रशिक्षणार्थी
प्रेषक: प्रमुख, बाजार जोखीम कक्ष
दिनांक: 8 जुलै 2024

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी तिघांच्या रोजच्या अहवालात एकच वाक्य होतं: "प्रॉप डेस्कचा उद्याचा कमाल तोटा 4.2 कोटी." आकडा बरोबर होता, 'कमाल' हा शब्द चुकीचा. तो अहवाल तसाच वर गेला असता तर वाचणाऱ्याला वाटलं असतं की 4.2 कोटींच्या खाली जमीन आहे. तिथे जमीन नाही.

आपल्याकडे हा आकडा कसा निघतो ते आठवा. आजची पोझिशन घ्यायची, ती गेल्या 500 दिवसांच्या बाजारातून चालवायची आणि तोटे मोठ्यापासून लहानापर्यंत मांडायचे. पाचवा तोटा म्हणजे आपला 99 टक्क्यांचा व्हॅर. आता पहिल्या क्रमांकाचा तोटा सहा कोटींऐवजी साठ कोटी करून बघा. व्हॅर एक रुपयानेही हलत नाही. त्याला फक्त उंबरठा ठाऊक असतो. उंबरठ्यापलीकडे खड्डा किती खोल आहे, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. म्हणूनच बाझलच्या नव्या नियमांनी बाजार जोखमीच्या भांडवलासाठी 97.5 टक्क्यांचा एक्स्पेक्टेड शॉर्टफॉल आणला. तो उंबरठ्यापलीकडच्या तोट्यांची सरासरी घेतो. तीही सरासरीच, हे विसरू नका.

दुसरी गोष्ट खिडकीची, म्हणजे त्या 500 दिवसांची. महिनाभरापूर्वीचंच उदाहरण घ्या. 3 जूनला एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्के वर गेला होता. त्या संध्याकाळी कुणाकडे 100 कोटींची निफ्टी फ्युचर्सची लाँग पोझिशन असती, तर आपल्या पद्धतीने तिचा व्हॅर दोन कोटींच्या आसपास आला असता. त्या 500 दिवसांतली सर्वांत वाईट घसरणच तीन टक्क्यांच्या आत होती. 4 जूनला निकाल लागले आणि निफ्टी 5.93 टक्क्यांनी पडला, म्हणजे तोटा जवळपास सहा कोटी. गणितात काही चूक नव्हती. 23 मार्च 2020 ची सुमारे 13 टक्क्यांची पडझड त्या खिडकीतून केव्हाच बाहेर गेली होती, आणि मतमोजणीची तारीख कॅलेंडरवर सगळ्यांना दिसत असली तरी ती मॉडेलला कशी दिसणार?

"शंभरात एक दिवस" याचा अर्थ शंभर दिवसांनी एकदा, हप्त्यासारखा, असाही नाही. वर्षाच्या 250 दिवसांत दोन-तीन वेळा व्हॅर ओलांडला जाणं अपेक्षितच आहे. बाझलच्या बॅकटेस्टिंगमध्ये चारपर्यंत हिरवा, पाच ते नऊ पिवळा आणि दहापासून लाल पट्टा. पण हे दिवस थव्याने येतात. मार्च 2020 मध्ये 12, 16 आणि 23 तारखेला निफ्टी अनुक्रमे साधारण 8, साडेसात आणि 13 टक्के पडला. सगळं दोन आठवड्यांच्या आत. उलट, दोन वर्षं एकदाही व्हॅर ओलांडला गेला नाही तर खूश होऊ नका. मॉडेल बरोबर असेल आणि दिवस एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर असं घडण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे. तेव्हा मला संशय आकडा फुगवल्याचा येतो.

दहा दिवसांचा व्हॅर काढताना एका दिवसाच्या आकड्याला 3.16 ने गुणता, त्यातही हेच स्वातंत्र्य गृहीत धरलेलं असतं. शिवाय माल दहा दिवसांत बाजारभावाने विकला जाईल, हेही. लोअर सर्किट लागलेल्या स्मॉल-कॅपमध्ये घेणाराच नसतो.

आणि ऑप्शन विकणाऱ्यांकडे विशेष लक्ष द्या. बाजारापासून फार दूरच्या स्ट्राइकचे पुट विकून रोज थोडा प्रीमियम खाणाऱ्या डेस्कचा व्हॅर कधीकधी शून्याजवळ दिसतो, कारण खिडकीतल्या एकाही दिवशी ते पुट मारात आलेले नसतात. लिमिटच्या तक्त्यात असा ट्रेडर सर्वांत शहाणा दिसतो. मी त्याचं नाव आधी तपासतो.

व्हॅर फेकून द्या असं मी म्हणत नाही. काल 3 कोटी, आज 4.2 कोटी, तर मधे काय बदललं हे विचारायला त्याच्याइतकं सोयीचं दुसरं साधन नाही.

आजपासून अहवालात वाक्य असं लिहा: "आजची पोझिशन तशीच राहिली आणि बाजार गेल्या 500 दिवसांसारखाच वागला, तर उद्याचा तोटा 4.2 कोटींहून जास्त होण्याची शक्यता सुमारे शंभरात एक." त्याखाली दोन ओळी: पहिल्या पाच तोट्यांची सरासरी, आणि 23 मार्च 2020 पुन्हा आला तर होणारा तोटा. लांबलचक वाटलं तरी चालेल.

बुधवारी सकाळी साडेआठला, बाजार उघडण्यापूर्वी, प्रत्येकाने आपापल्या डेस्कची आजची पोझिशन 4 जूनच्या भावांवर चालवून आणावी. एक्सेलमध्ये चालेल; सूत्रं उघडी ठेवा.